इंग्रजी ऐकायला शिकायचंय: खाली अक्षरं मराठीत की इंग्रजीत?

मालिका किंवा चित्रपट पाहताना संवाद इंग्रजीतच ठेवायचे. प्रश्न फक्त खालच्या ओळीचा, म्हणजे सबटायटलचा आहे. मराठी किंवा हिंदी ओळीने गोष्ट लगेच कळते, पण डोळे अर्थ वाचून मोकळे होतात आणि कानाला काही कामच उरत नाही. 2009 साली मिटरर आणि मॅक्वीन या संशोधकांनी डच लोकांना अनोळखी ढंगाचं इंग्रजी ऐकवलं. इंग्रजी सबटायटल वाचणाऱ्यांना त्या ढंगातली नवी वाक्यंही अधिक ओळखता आली. डच सबटायटलने मात्र अडथळाच आला.

कारण साधं आहे. पात्र घाईत ‘जीट?’ म्हणतं. खाली ‘जेवलास का?’ आलं तर अर्थ कळतो, आवाज निसटतो. ‘डिड यू ईट?’ दिसलं, की ‘डिड यू’चा ‘ज’ कसा झाला ते कानाला उमगतं.

तरीही ओळीमागे चार-पाच शब्द अडत असतील तर इंग्रजी ओळ नुसती दमवते. तेव्हा तीन मिनिटांचा तुकडा आधी मराठी ओळीसह पाहा, मग इंग्रजी ओळीसह दोनदा, शेवटी ओळ बंद करून. शेवटच्या वेळी ऐकू आलं नाही, तर आधी तुम्ही फक्त वाचत होतात.

एक खबरदारी: स्पॅनिश किंवा कोरियन मालिका इंग्रजी डबिंगमध्ये पाहू नका. तिथली सबटायटल बरेचदा मूळ संवादांवरून केलेली असतात, त्यामुळे ऐकलेलं आणि लिहिलेलं जुळत नाही. सबटायटलच्या यादीत ‘CC’ दिसलं तर तेच निवडा; ते सहसा ऐकू येणाऱ्या संवादांवरूनच केलेलं असतं.