एक्स्टेन्शन आलं, क्लेमची तारीख मात्र आलीच नाही

कंत्राटदाराच्या माणसाने बँक गॅरंटीच्या एक्स्टेन्शनच्या कागदासोबत एक टेबल भरून पाठवलं. "मॅडम, ट्रॅकरला थेट पेस्ट करा, टायपिंग वाचेल." मी केलं. कंत्राटदाराने काम सोडलं तर बँकेकडून पैसे मिळवून देणारी 80 लाखांची परफॉर्मन्स गॅरंटी हातची गेली ती तिथेच.

मूळ गॅरंटीत व्हॅलिडिटी 30 जून 2023 आणि क्लेम, म्हणजे बँकेकडे पैशांची मागणी, 30 सप्टेंबर 2023 पर्यंत; तीन महिने जास्त. काम लांबलं, म्हणून आम्ही मुदतवाढ मागितली. त्याच्या टेबलात व्हॅलिडिटी 31 डिसेंबर आणि क्लेम 31 मार्च 2024 असं होतं. माझ्या ट्रॅकरमध्ये क्लेमच्या कॉलमला फॉर्म्युला होता (हा शहाणपणाही माझाच):

```
=EDATE(E2,3)
```

त्यानेही 31 मार्चच दाखवलं. दोन्ही जुळतंय म्हटल्यावर मी बँकेचं पत्र वरवर पाहून फाइलला लावलं.

डिसेंबरअखेर तो काम टाकून गेला. 8 जानेवारीला आमचं मागणीपत्र बँकेत पोचलं आणि नकार आला. फाइलला लावलेलं बँकेचं ते पत्र, म्हणजे गॅरंटीची अमेंडमेंट, काढून वाचली. एका वाक्यात व्हॅलिडिटी 31 डिसेंबरपर्यंत वाढवली होती, आणि खाली "इतर सर्व अटी पूर्वीप्रमाणे". क्लेमची तारीखही त्या 'इतर अटीं'तच मोडत होती, म्हणजे ती 30 सप्टेंबरलाच राहिली. व्हॅलिडिटीच्या आधीच क्लेम संपणारी गॅरंटी! पुढे त्याने बँकेला दिलेल्या अर्जाची प्रत मिळाली. त्यात फक्त व्हॅलिडिटी वाढवायला सांगितलं होतं. अर्जावरची सही आणि मला आलेल्या टेबलखालचं नाव एकाच माणसाचं. विसरला असता तर 31 मार्च ही तारीख त्याने टेबलात आणली कुठून?

आता मी गॅरंटी शेवटच्या पानापासून वाचते. तिथे 'नॉटविथस्टँडिंग' म्हणून सुरू होणारा परिच्छेद असतो: जबाबदारीची कमाल रक्कम, व्हॅलिडिटी, आणि लेखी मागणी बँकेला कधीपर्यंत मिळाली पाहिजे. आधीच्या पानांवर काहीही लिहिलेलं असो, बँक बोट ठेवते ते याच परिच्छेदावर. मागणी 'मिळाली' पाहिजे. कुरिअरची पावती कामाची नाही.

ट्रॅकरमध्ये प्रत्येक अमेंडमेंटला वेगळी ओळ देते. रक्कम बदललेली नसेल तर त्या ओळीत शून्य, नाहीतर बेरजेत तीच गॅरंटी दोनदा मोजली जाते. क्लेमची तारीख हाताने टाइप करते आणि शेजारी पान क्रमांक व मूळ वाक्य जसंच्या तसं. अमेंडमेंटमध्ये क्लेमचा शब्दच नसेल तर जुनी तारीख तशीच ठेवते; नवी व्हॅलिडिटी तिच्या पुढे गेली असेल तर कंडिशनल फॉरमॅटिंग लावलेला हा सेल लाल होतो:

```
=IF(F2<E2,"क्लेम तपासा","")
```

गेल्या महिन्यात एका दुसऱ्या कंत्राटदाराच्या ओळीत ते लाल झालं. कागद त्याच दिवशी परत पाठवला. आठवड्याने नवी अमेंडमेंट आली, क्लेमच्या तारखेसकट.