परचेस ऑर्डरला होकार: एका ओळीत की बाबवार?

ग्राहकाचा पीओ आला की उत्तर दोन तऱ्हांनी देता येतं. "आपली ऑर्डर मिळाली, मान्य आहे" एवढंच लिहायचं, किंवा माल, दर, तारीख आणि पैशांच्या अटी आपल्या शब्दांत पुन्हा मांडून होकार द्यायचा.

एका ओळीच्या उत्तराने पीओ जसा आहे तसा मान्य होतो, त्यातल्या संदिग्धतेसकट. समजा, पीओवर लिहिलंय: "40 बॉक्स, दर 90, डिलिव्हरी 05/06, पेमेंट 30 दिवस." बॉक्समध्ये 12 नग असतात. विकणाऱ्याच्या लेखी 90 हा नगाचा दर, म्हणजे बिल 43,200. घेणाऱ्याने तो बॉक्सचा धरला, तर त्याच्या हिशोबात 3,600. माल पोचून बिल हातात पडेपर्यंत हा फरक कुणालाच दिसत नाही.

बाबवार उत्तर असं लिहावं:

"आपला पीओ क्र. 118 पुढील तपशिलासह स्वीकारत आहोत. 40 बॉक्स, प्रत्येकी 12 नग, एकूण 480 नग. दर प्रति नग 90, एकूण 43,200, कर वेगळा. माल 5 जून 2026 रोजी आपल्या गोदामात पोचेल. पेमेंट इनव्हॉइसच्या तारखेपासून 30 दिवसांत. यात काही वेगळं वाटल्यास कृपया उद्या दुपारी 12 पर्यंत कळवा. आपला होकार आल्यावर माल भरायला घेऊ."

यातली एकूण रक्कम सर्वांत कामाची. एककाची चूक गुणाकारात लगेच उघडी पडते, म्हणून ही रक्कम कधीही गाळू नये. महिना अक्षरांत लिहावा, कारण 05/06 कुणी 5 जून वाचतो, कुणी 6 मे. शिवाय ती तारीख माल निघण्याची की पोचण्याची, हे स्पष्ट हवं. वाहतुकीचे तीन-चार दिवस नेमके इथेच अंगावर येतात. 30 दिवसांचंही तसंच: मोजणी इनव्हॉइसपासून की माल मिळाल्यापासून?

बाबवार लिहिण्यात एक धोका आहे. आपण लिहिलेलं पीओशी जुळलं नाही, तर तो होकार राहत नाही, नवा प्रस्ताव ठरू शकतो. म्हणून बदल यादीत दडवू नये, पहिल्याच वाक्यात सांगावा: "पीओत 2 जून आहे, आम्ही 5 जूनला देऊ शकतो." मग सुधारित पीओ मागवावा. समोरून उत्तर आलं नाही तर ते मौन संमती समजून माल भरू नये, फोन करून लेखी होकार घ्यावा.

त्याच ग्राहकाचा तोच माल, तोच दर आणि पीओवर एकक, एकूण रक्कम, तारखा सगळं स्वच्छ असेल, तर एक ओळ पुरते. मात्र तिच्यात पीओ क्रमांक आणि त्याची तारीख हवी, कारण सुधारित पीओ आल्यावर होकार कोणत्या प्रतीला दिला होता यावरूनच वाद होतो. नवा ग्राहक, नवा माल किंवा बदललेला दर असेल तर बाबवारच लिहावं. त्याला दहा मिनिटं जास्त लागतात.