व्हीपीएन की अ‍ॅपनिहाय गेटवे: दोन्ही वापरून पाहिल्यावर

अंबड एमआयडीसीतल्या एका मध्यम कारखान्याचं आयटी मी सांभाळतो. बाहेरून आमच्या सिस्टीममध्ये येणारी माणसं साठेक आहेत: अकाउंट्स, खरेदी, विक्रीची फिरती मंडळी आणि मशीनचे सर्व्हिस इंजिनिअर. सहा वर्षं हे सगळं फायरवॉलसोबत मिळालेल्या व्हीपीएनवर चाललं. गेल्या दीड वर्षात त्यातला बराचसा भाग आम्ही अ‍ॅपनिहाय गेटवेवर हलवला. सातपूर-सिन्नरकडची ओळखीची मंडळी सध्या याच प्रश्नावर अडली आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

दोन्हींत फरक एकच आहे, बाकीचे त्यातूनच निघतात. व्हीपीएन इंटरनेटमधून एक बोगदा काढून घरच्या लॅपटॉपला ऑफिसच्या नेटवर्कमध्ये आणून बसवतो. गेटवे लॅपटॉपला नेटवर्कमध्ये घेतच नाही. तो दारातच माणूस कोण, लॅपटॉप कोणता हे तपासतो, एका ठरावीक अ‍ॅपसाठीची त्याची मागणी आत नेतो आणि उत्तर बाहेर आणून देतो. कागदावर हा फरक मला फार मोठा वाटला नव्हता. तो कळला एका महिन्याच्या २० तारखेला.

त्या दिवशी जीएसटीचं ३बी भरायचं होतं. आमच्या अकाउंट्सच्या मॅडम आईच्या आजारपणामुळे पाथर्डी फाट्याच्या घरून काम करत होत्या. दुपारी फोन आला: व्हीपीएन हिरवा दिसतोय, ‘कनेक्टेड’ म्हणतोय, पण ईआरपी उघडत नाही. कालपर्यंत चालत होतं. पासवर्ड बदलून पाहिला, व्हीपीएनचं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं, काहीच फरक नाही. शेवटी मी स्कूटर काढून त्यांच्या घरी गेलो आणि ईआरपीच्या सर्व्हरला पिंग दिला. उत्तर असं:

```
ping 192.168.1.10
Reply from 192.168.1.23: Destination host unreachable.
```

यातला `192.168.1.23` हा मॅडमच्याच लॅपटॉपचा पत्ता होता. पिंगचं पाकीट व्हीपीएनच्या बोगद्यात हरवलं असतं तर नुसतं `Request timed out` आलं असतं. इथे लॅपटॉप स्वतःच सांगत होता की मी हा पत्ता आसपास शोधला, मला कोणी सापडलं नाही. म्हणजे पाकीट ऑफिसकडे निघालंच नव्हतं, ते घरातल्या घरात फिरत होतं.

आदल्या संध्याकाळी त्यांच्याकडे नवी फायबर लाइन आली होती आणि तिच्यासोबत नवा राउटर. जुना राउटर `192.168.0` ची पत्त्यांची मालिका वाटायचा, नवा `192.168.1` ची. आमच्या ऑफिसचं नेटवर्कही `192.168.1` वरच, कारखाना सुरू झाला तेव्हा कोणीतरी डब्यातून काढून तसंच लावलेलं. खासगी नेटवर्कसाठीचे पत्ते १९९६ साली ठरवून दिले गेले. त्यात तीन मोठे पट्टे आहेत, पण घरगुती राउटरवाले सगळे त्यातल्या त्याच दोन-चार मालिका उचलतात. मॅडमच्या लॅपटॉपसमोर `192.168.1.10` ला जायचे दोन रस्ते होते, एक घरचा आणि एक बोगद्याचा, आणि आमच्याकडे घरचाच जिंकत होता. मी माझ्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावून दिला. त्याची मालिका वेगळी, त्यामुळे ईआरपी लगेच उघडलं आणि विवरणपत्र वेळेत गेलं.

पुढे चार महिने मी याच्या मागे होतो. सगळा ट्रॅफिक बोगद्यातून पाठवायचं सेटिंग करून पाहिलं. उपयोग झाला नाही, कारण लॅपटॉप नेहमी जास्त नेमका रस्ता निवडतो आणि घरची मालिका ‘सगळं जग’ या रस्त्यापेक्षा नेमकीच ठरते. मग एकेका सर्व्हरसाठी वेगळी ओळ टाकली:

```
push "route 192.168.1.10 255.255.255.255"
```

यानं बहुतेकांचं काम झालं, आणि व्हीपीएनच ठेवणार असाल तर हा उपाय नक्की करा. पण नवा सर्व्हर आला की नवी ओळ, हे विसरून चालत नाही. त्यातच एकदा विक्रीतल्या एका मुलाच्या लॅपटॉपलाच घरच्या राउटरनं `192.168.1.10` हा पत्ता दिला. पिंग व्यवस्थित, एका मिलिसेकंदाच्या आत उत्तर, पण ईआरपी बंद. तो स्वतःच्याच लॅपटॉपला पिंग करत होता. हे लक्षात यायला माझी एक आख्खी सकाळ गेली.

खरा इलाज म्हणजे ऑफिसचे पत्तेच बदलणं. कॉम्प्युटरचं सोपं आहे, पण सीएनसी मशीनच्या कंट्रोलरमध्ये, हजेरीच्या मशीनमध्ये, कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरमध्ये पत्ता हातानं भरलेला असतो. काही मशीनवर तो बदलायला कंपनीचा इंजिनिअर बोलवावा लागतो. तेवढ्यासाठी लाइन थांबवायला प्रॉडक्शनवाले तयार होत नाहीत, आणि त्यांचं चूक आहे असं मला म्हणता येत नाही.

गेटवेमध्ये हा प्रश्न उद्भवतच नाही. आमच्या सर्व्हर रूममधल्या एका साध्या मशीनवर कनेक्टर नावाचा छोटा प्रोग्रॅम चालतो. तो आतून बाहेर, ४४३ पोर्टवरून, गेटवेशी जोडणी धरून ठेवतो, त्यामुळे फायरवॉलवर बाहेरून आत येणारं दार उघडावं लागत नाही. मॅडम ब्राउझरमध्ये ईआरपीचं नाव टाकतात. ते नाव गेटवेच्या इंटरनेटवरच्या पत्त्याकडे जातं. गेटवे त्यांचं कंपनीचं मेल खातं आणि फोनवरचा दुसरा कोड तपासतो आणि मागणी कनेक्टरकडे देतो. `192.168.1.10` हा पत्ता फक्त कनेक्टरला माहीत असावा लागतो, आणि तो तर ऑफिसमध्येच बसलेला आहे. घरच्या राउटरनं कुठलीही मालिका वाटली तरी काही बिघडत नाही.

हेच कारण सर्व्हिस इंजिनिअरच्या बाबतीतही लागू पडलं. पुण्याच्या एका मशीन कंपनीच्या माणसाला आमच्या एका मॉनिटरिंगच्या पानापुरता प्रवेश हवा होता. व्हीपीएन दिला की त्याचा लॅपटॉप आमच्या नेटवर्कमध्ये, म्हणजे फाइल सर्व्हर, कॅमेरे, सगळ्यांच्या शेजारी. व्हीपीएनवरही हे आवरता येतं, फायरवॉलमध्ये गटवार नियम लिहिता येतात, आम्ही लिहिलेही होते. पण आमचे ते नियम पत्त्यांवर होते, माणसांवर आणि अ‍ॅपवर नाही. दोन वर्षांनी ते वाचायला बसलो तेव्हा त्यातले निम्मे कशासाठी आहेत हे मलाच सांगता येईना. गेटवेवर त्या माणसाच्या नावापुढे एकच अ‍ॅप आहे. बाकीचं त्याला बंद असण्याचा प्रश्न नाही, कारण तिथे जायला त्याच्याकडे रस्ताच नाही.

मोठ्या कंपन्या याकडे वळल्या त्याचं मुख्य कारण हेच. गूगलनं २०१४ साली बियॉन्डकॉर्प या नावानं आपली पद्धत जाहीरपणे मांडली, तिचा गाभा असा की ऑफिसच्या नेटवर्कमध्ये असणं हा विश्वासाचा पुरावा मानायचा नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत कलोनियल पाइपलाइनची इंधनवाहिनी बंद पडली. तिथे हल्लेखोर शिरले ते वापरात नसलेल्या एका व्हीपीएन खात्यातून, आणि त्या खात्याला दुसरा कोड नव्हता. याचं खापर एकट्या व्हीपीएनवर फोडणं बरोबर नाही, दुसरा कोड असता तर तो रस्ता तिथेच अडला असता. पण ‘वापरात नसलेलं खातं’ हे शब्द वाचून मी आमच्या फायरवॉलवरची यादी उघडली. नोकरी सोडून गेलेली तीन माणसं अजून तिच्यात होती. आता मेल खातं बंद केलं की गेटवेवरची सगळी दारं त्याच्याबरोबर बंद होतात, वेगळी यादी सांभाळावी लागत नाही.

व्हीपीएन जिथे सरस आहे तेही सांगायला हवं. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या गोष्टींना गेटवे सोपा जातो. टॅलीसाठी आम्ही रिमोट डेस्कटॉप वापरतो, त्याला लॅपटॉपवर गेटवेचा एजंट टाकावा लागला. एजंट नावावर चालतो, म्हणून प्रोग्रॅमनं सर्व्हरला नावानं हाक मारली पाहिजे. आमच्या डिस्पॅचच्या जुन्या प्रोग्रॅमच्या सेटिंग फाइलमध्ये थेट पत्ता लिहिलेला होता. तो बदलून नाव टाकलं तर चाललं. गुणवत्ता विभागाचा एक प्रोग्रॅम नाव स्वीकारतच नाही, तो अजून व्हीपीएनवर आहे. उलट्या दिशेची कामंही अवघड जातात: ऑफिसमधून कोणाच्या घरच्या लॅपटॉपवर शिरून दुरुस्ती करणं व्हीपीएनवर सहज व्हायचं, आता त्याला वेगळं साधन लागतं. लोकांची एक तक्रारही आहे. दिवसात मध्येच पुन्हा कोड मागितला जातो, आणि फिरतीवरच्या माणसाला ते खरंच जाचक होतं. मुदत वाढवून आम्ही ते थोडं सुसह्य केलं.

पैशांचं गणित प्रत्येकाचं वेगळं. व्हीपीएन आमच्या फायरवॉलच्या किमतीतच होता, गेटवेला माणशी दर महिन्याला पैसे जातात. शिवाय गेटवेवाल्याची सेवा बंद पडली तर आपण हातावर हात धरून बसतो. आमच्याकडे असं एकदा झालं, पाऊण तास. ते परावलंबन ज्यांना नको त्यांना स्वतःच्या सर्व्हरवर चालणारे मुक्त-स्रोत गेटवेही आहेत, पण मग ते अद्ययावत ठेवायची जबाबदारी आपली.

तुमच्याकडे बाहेरून येणारी पाच-सात माणसं असतील, सगळी आपलीच, आणि ऑफिसचे पत्ते आधीच वेगळ्या मालिकेवर असतील तर व्हीपीएनला दुसरा कोड लावा आणि निर्धास्त राहा, घाई करू नका. पण बाहेरच्या कंपन्यांची माणसं येत असतील, किंवा ‘कनेक्टेड आहे पण उघडत नाही’ हे वाक्य महिन्यातून दोनदा ऐकू येत असेल, तर माझं मत गेटवेकडे झुकतं. एकदम सगळं हलवू नका. ब्राउझरवर चालणारं आणि सर्वांत जास्त वापरातलं एक अ‍ॅप घ्या, अकाउंट्ससारख्या एका विभागाला द्या आणि एक जीएसटीची तारीख त्यावर निघू द्या. तोपर्यंत बाकीच्या प्रोग्रॅमच्या सेटिंग फाइल उघडून कुठे नाव आहे आणि कुठे पत्ता, याची यादी करा. आमची यादी एकवीस प्रोग्रॅमची झाली, त्यात थेट पत्तेवाले सहा. त्या सहांनीच आमचा सर्वांत जास्त वेळ खाल्ला.

व्हीपीएन मी काढून टाकलेला नाही. मशीनच्या कंट्रोलरपर्यंत जायला माझ्याकडे आणि माझ्या सहकाऱ्याकडे मिळून त्याची दोन खाती आहेत, आणि गुणवत्तेचा तो एक प्रोग्रॅम बदलेपर्यंत त्यांच्याकडे एक.