कीबोर्ड बदलायचा की सेटिंग? दुकानात जाण्याआधी एवढं तपासा

लॅपटॉपचा कीबोर्ड भलतीच अक्षरं टाकायला लागला की आपण थेट दुरुस्तीचं दुकान गाठतो. पणजी असो, म्हापसा असो की मडगाव, कीबोर्ड बदलून घेणं काही स्वस्त नसतं. त्यात अनेक नव्या लॅपटॉपांमध्ये कीबोर्ड वरच्या कव्हरला प्लास्टिकच्या रिव्हेटांनी जोडलेला असतो, त्यामुळे कधीकधी कव्हरसकट बदलावा लागतो. म्हणून बिघाड लेआउटचा, म्हणजे कुठल्या बटणाने कुठलं अक्षर उमटावं या सेटिंगचा आहे, की खरोखर यंत्राचा, हे आधी घरीच ठरवावं.

माझा भर एका फरकावर असतो. चुकीचं अक्षर उमटतं, पण दर वेळी तेच चुकीचं उमटतं, तर बहुतेक वेळा दोष सेटिंगचा. अक्षर कधी उमटतं, कधी नाही, किंवा एकदा दाबून दोनदा येतं, तर संशय यंत्रावर.

फोंड्याच्या माझ्या मामेबहिणीकडे हे दोन्ही प्रकार एकाच लॅपटॉपवर बघायला मिळाले. मामा इंग्लंडमध्ये असतात, त्यांनी तिथला लॅपटॉप पाठवला. इथे विंडोज नव्याने टाकताना लेआउट अमेरिकन निवडला गेला. तिने फोन केला, "दादा, ईमेलचा पत्ताच लिहिता येत नाही. कीबोर्ड बदलावा लागणार का?" @ छापलेलं बटण दाबलं की " येत होतं, आणि " छापलेल्या २ च्या बटणावर @. पाउंडच्या जागी # येत होतं, तर एंटरशेजारच्या # च्या बटणावर \. बाकी सगळी अक्षरं बरोबर. ब्रिटिश आणि अमेरिकन मांडणीतला फरक नेमका इथेच आहे, म्हणजे कीबोर्डला काहीच झालेलं नव्हतं. टास्कबारच्या कोपऱ्यात ENG खाली US दिसत होतं. Settings मध्ये Time & language, तिथून Language & region उघडून भाषेच्या पर्यायांत United Kingdom हा कीबोर्ड घातला आणि US काढून टाकला. जुना लेआउट काढणं विसरू नका. दोन्ही राहिले तर टाइप करताना Ctrl किंवा Alt सोबत Shift चुकून दाबलं गेलं की लेआउट आपोआप बदलतो, आणि परत तोच घोळ. मराठी किंवा कोकणीचा कीबोर्ड घातलेल्यांना हा अनुभव असेलच. लॉगिनच्या पडद्यावरही लेआउट वेगळा असू शकतो. पासवर्ड बरोबर असून नाकारला जात असेल तर तिथला कोपरा बघा.

पावसाळ्यात तिचा दुसरा फोन आला. आता w, s, x आणि २ ही बटणं दाबूनही काही उमटत नव्हतं, आणि क्वचित एकदम दोन s पडत होते. बटणांखाली आडव्या-उभ्या वाहक रेषांची जाळी असते. ओलावा किंवा सांडलेला चहा शिरून एक रेष गंजली की तिच्यावरची सगळी बटणं एकदम गप्प होतात. कुठली बटणं एका रेषेवर असतील हे मॉडेलनुसार बदलतं, पण थोडीच बटणं आणि तीही गटाने गेली, तर ही खूण पक्की धरावी.

याच लक्षणाचं सोंग घेणारी एक सेटिंग मात्र आहे: Filter keys. उजवं Shift सुमारे आठ सेकंद दाबून धरलं की ती चालू करण्याची विचारणा येते. ती चालू असली की झटपट दाबलेली बटणं संगणक दुर्लक्षितो. फरक असा की त्रास चार बटणांना नसून सगळ्यांना होतो, आणि बटण जरा वेळ दाबून धरलं की अक्षर येतं. Accessibility मधल्या Keyboard मध्ये ती बंद करा.

निकाल लावायचा तर बाहेरचा यूएसबी कीबोर्ड जोडा. लेआउट आणि Filter keys दोन्ही कीबोर्डांना सारखेच लागू होतात, म्हणून बाहेरच्यावरही तीच चूक झाली तर सेटिंग तपासा. बाहेरचा नीट चालला तर आतला खराब. अपवाद एकच: आतलं Ctrl किंवा Alt दाबलेल्या अवस्थेत अडकलं असेल तर बाहेरचा कीबोर्डही वेड्यासारखा वागतो, अक्षरांऐवजी मेनू उघडतात. त्यासाठी Windows, Ctrl आणि O एकत्र दाबा, पडद्यावर कीबोर्ड येतो; काही न दाबता त्यात एखादं बटण उजळलेलं राहिलं तर तेच अडकलंय. बहिणीच्या लॅपटॉपवर उलट होतं, w दाबूनही पडद्यावर काही उजळत नव्हतं, आणि शेजारून आणलेल्या कीबोर्डवर सगळं सुरळीत चाललं.

मग मी तिला सांगितलं की आता दुकानात जा. परीक्षा तोंडावर असेल तर बाहेरच्या कीबोर्डवर भागेल, पण पाणी किंवा चहा सांडलेला असेल तर थांबू नये, कारण गंज कीबोर्डवरून मदरबोर्डपर्यंत पोचतो. अशा वेळी लॅपटॉप लगेच बंद करायचा, चार्जर काढायचा, आणि तो उघडून आतून साफ करून घ्यायचा. दुकानदाराला विचारायचं ते एवढंच: नुसता कीबोर्ड बदलणार की वरच्या कव्हरसकट, आणि बदलून येणाऱ्या बटणांवरची छपाई ब्रिटिश असेल की अमेरिकन. अमेरिकन आला तर सेटिंगमधला लेआउट परत US करावा लागेल.