दुहेरी माठ आणि बर्फाच्या बाटल्या: मार्च ते जून इन्सुलिन सांभाळल्यानंतर

अकोला-यवतमाळ पट्ट्यातला उन्हाळा, दुपारी ४४ अंश, आणि वादळी पावसात एखादी तार तुटली की आठ-दहा तास लाइट नाही. अशा घरात चार महिने वापरलेल्या व्यवस्थेचा हा अनुभव आहे. व्यवस्थेचे दोन भाग आहेत. चालू कुपी दुहेरी माठात राहते आणि न उघडलेला साठा फ्रिजमध्ये, बर्फाच्या बाटल्यांच्या आधाराने. दोन्ही एकाच जागी ठेवायचा आग्रह सोडला तेव्हा निम्मा त्रास संपला, कारण दोघांची गरजच वेगळी आहे. बंद कुपीला पाकिटावरच्या तारखेपर्यंत टिकायचे असते, म्हणून तिला २ ते ८ अंश लागतात. उघडलेली कुपी साधारण चार आठवड्यांत संपवायचीच असते, आणि तेवढ्या काळासाठी बहुतेक इन्सुलिनना २५ किंवा ३० अंशांखालची जागा पुरते. नेमका आकडा आणि दिवस प्रकारानुसार बदलतात. ते आपापल्या पाकिटातल्या कागदावर बघावेत.

माठ बसवायला खर्च फार नाही, पण माठ नीट निवडावा लागतो. बाहेरचा मोठा माठ आणि आतले गाडगे, दोन्ही साधे भाजलेले, रंग किंवा चकाकी न दिलेले हवेत. रंगवलेला शोभेचा माठ या कामाला निरुपयोगी आहे, त्यातून पाणी झिरपतच नाही. दुकानातून आणल्यावर पाणी भरून रात्रभर ठेवायचा. सकाळी बाहेरून सगळीकडे ओलसर लागला तर घ्यायचा, कोरडा राहिला तर परत करायचा. तळाला चार बोटे जाड वाळू, त्यावर गाडगे, आणि दोघांच्या मधल्या दीड-दोन इंचांच्या फटीत धुतलेली जाडसर नदीची वाळू. बारीक वाळू दबून चिखलासारखी बसते आणि पाणी खाली उतरत नाही. वर ओले गोणपाट, त्याखाली मातीची झाकणी. सगळे तिवईवर, म्हणजे बुडालाही वारा लागतो.

गाडग्याच्या आत इन्सुलिन नुसते ठेवायचे नाही. आतली हवा दमट असते, खोक्याचा पुठ्ठा भिजून फुगतो आणि कुपीवरच्या चिठ्ठीची शाई जाते. मग उघडल्याची तारीख वाचता येत नाही. घट्ट झाकणाचा छोटा प्लास्टिकचा डबा, त्यात कुपी, आणि तारीख पक्क्या शाईच्या पेनाने कुपीवर चिकटपट्टी लावून. पेन वापरणाऱ्यांनी सुई काढूनच पेन ठेवावे. सुई लावलेली राहिली तर थंडी-उष्णतेच्या फरकाने इन्सुलिन बाहेर गळते किंवा हवा आत शिरते, आणि पुढच्या वेळी मात्रा कमी जाते.

वाळूत पाणी सकाळी आणि दुपारी बाराच्या सुमारास टाकतो. मे महिन्यात दिवसाला दीड लिटरपर्यंत लागते. दुपारचे पाणी चुकले तर वरची वाळू कोरडी पडते आणि तासा-दोन तासांत आतला आकडा चढू लागतो. लांब वायरच्या टोकाला सेन्सर असलेला आणि कमाल-किमान तापमान लक्षात ठेवणारा डिजिटल थर्मामीटर यासाठी अत्यावश्यक आहे. हाताला गार लागते एवढ्यावर विश्वास ठेवू नका. थर्मामीटर आणल्यावर एकदा तपासायचा. पेल्यात कुटलेला बर्फ गच्च भरून थोडे पाणी घालायचे, सेन्सर मध्यावर धरून दहा मिनिटे थांबायचे. आकडा शून्यावर यायला हवा. दीड दाखवला तर पुढच्या प्रत्येक वाचनातून दीड वजा करायचा.

बाहेर ४४ अंश आणि हवा कोरडी असताना आमच्या माठात दुपारी २६ ते २८ आणि पहाटे २३-२४ अंश राहिले. यापेक्षा खाली जाणार नाही, आणि त्याचे कारण समजून घेणे महत्त्वाचे आहे. माठ बर्फासारखा गार करत नाही. पाण्याची वाफ होताना ती मातीतली उष्णता घेऊन जाते, आणि हवेत जितकी वाफ मावेल तितकेच हे चालते. ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेला ही मर्यादा सुमारे २३ अंशांवर येते. ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेला तीच सुमारे २९ वर जाते. म्हणून रत्नागिरी, मुंबई किंवा पणजीच्या वाचकांनी या माठावर भिस्त ठेवू नये. तिथे बाहेरची दुपार आपल्यापेक्षा दहा अंशांनी सौम्य असूनही माठातले तापमान तीसच्या आसपास घुटमळते. पाण्यात भिजवून वापरायच्या, आत फुगणारे कण असलेल्या थंड पिशव्यांनाही हाच नियम लागू आहे. प्रवासात त्या चांगल्या, पण बंद बॅगेत किंवा प्लास्टिकच्या पिशवीत कोंबल्या तर वाफ होतच नाही आणि त्या काहीच करत नाहीत.

जागेची चूक सुरुवातीला बहुतेकांकडून होते. कूलरच्या खोलीत माठ ठेवला की वाटते दुप्पट गार राहील. लाइट असेपर्यंत ठीक. लाइट गेली की खोलीतली दमट हवा तिथेच कोंडून राहते, खोली तापत जाते आणि माठ नेमका हवा असतो तेव्हाच काम सोडतो. माठाची जागा ओसरीवर, सावलीत, वाऱ्याच्या वाटेवर.

आता फ्रिज. उन्हापेक्षा गोठण्यामुळे इन्सुलिन लवकर आणि कायमचे वाया जाते. गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर कधीकधी पूर्वीसारखेच दिसते, तरी ते टाकूनच द्यायचे. एकदारी फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याखालचा ट्रे आणि मागची भिंत या दोन जागा धोक्याच्या. मधल्या फळीवर पुढच्या बाजूला, डब्यात घालून ठेवलेला साठा सुरक्षित राहतो. लाइट वारंवार जाते म्हणून पुष्कळजण बटण सर्वांत थंड आकड्यावर नेऊन ठेवतात. मे महिन्यात रात्री बाहेरची हवा उतरते, दारही उघडत नाही, आणि पहाटे मागची भिंत शून्याखाली जाते. कमाल-किमान थर्मामीटर चार रात्री मधल्या फळीवर ठेवा. किमान आकडा ३ च्या खाली येत असेल तर बटण कमी करा.

लाइट गेल्यावर फ्रिज किती वेळ धरतो, हे त्यात किती गारवा साठवलाय यावर आहे. रिकामा एकदारी फ्रिज ४३-४४ अंशांच्या दिवशी तीन तासांत ८ च्या वर गेला. बर्फाच्या कप्प्यात एकेक लिटरच्या चार बाटल्या गोठवून ठेवल्या तेव्हा आठ तासांनंतरही मधल्या फळीवर ९ अंश होते, अर्थात दार एकदाही न उघडता. बाटली गोठवताना वर चार बोटे रिकामी ठेवावी, नाहीतर ती फुटते. एकदारी फ्रिजमध्ये बाटल्या हलवू नका. गार हवा कप्प्यातून आपोआप खाली उतरते. दोनदारी फ्रिजमध्ये मात्र ती पंख्याने खाली येते, आणि पंखा बंद पडला की वरचा बर्फ वर आणि इन्सुलिन खाली तापत राहते. तिथे दोन बाटल्या खालच्या कप्प्यात आणाव्या लागतात.

आणताना घाई करू नये. फ्रीझरमधून काढलेली बाटली शून्याच्या कितीतरी खाली असते, तिला टेकलेली कुपी गोठू शकते. लसीकरणाला निघालेल्या आरोग्य सेविका बर्फाचे पॅक आधी बाहेर काढून ठेवतात. त्यांना घाम फुटला आणि हलवल्यावर आत पाणी डुचमळले की मगच लसीच्या डब्यात भरतात. त्या क्षणी बर्फ शून्यावर आलेला असतो. घरीही हेच करा, शिवाय बाटली टॉवेलात गुंडाळा आणि इन्सुलिनचा डबा तिच्यापासून हातभर लांब ठेवा. मेडिकलवाला कुपीसोबत बर्फाचा खडा देतो तेव्हाही मध्ये कागदाची जाड घडी हवीच.

समजा रात्री अकराला लाइट आली आणि साठ्याचा थर्मामीटर कमाल १४ दाखवतो. ती कुपी फेकू नका, काही तास १४ अंशांनी ती बिघडत नाही. पण एखादी बंद कुपी दिवसभर किंवा जास्त काळ बाहेरच्या तापमानाला राहिली असेल तर तिच्यावर त्या दिवसाची तारीख टाकून तीच आधी चालू करावी आणि चार आठवड्यांत संपवावी. पस्तिशीच्या वर बराच वेळ गेलेली, बाइकच्या डिकीत किंवा उभ्या गाडीत तापलेली कुपी आम्ही वापरत नाही.

साठा किती ठेवायचा याचा हिशेब एप्रिलपूर्वीच करावा. ४० युनिटवाली १० मिलीची कुपी म्हणजे ४०० युनिट. दिवसाला २० युनिट लागत असतील तर ती २० दिवसांत संपते, माठात सहज भागते. दिवसाला १० च युनिट लागत असतील तर चार आठवड्यांनी १२० युनिट शिल्लक राहतात आणि ती टाकावी लागतात. अशांनी ३ मिलीच्या, ३०० युनिटच्या पेनच्या काडतुसाबद्दल डॉक्टरांना विचारावे, मात्र पेनचे १०० युनिटवाले इन्सुलिन ४० च्या सिरिंजने कधीही काढू नये. उन्हाळ्यात तीन महिन्यांचा साठा एकदम आणून ठेवण्यापेक्षा महिन्याचा आणि वर एक कुपी एवढाच बरा.

बिघडलेले ओळखायचे कसे? स्वच्छ दिसणारे इन्सुलिन गढूळ झाले, त्यात तंतू किंवा कण दिसले तर बाद. दुधाळ, म्हणजे ३०-७० मिश्र किंवा मध्यम काम करणारे, तळहातांत दहा वेळा हळूच फिरवायचे. गुठळ्या राहिल्या किंवा काचेच्या भिंतीवर बर्फाच्या तुषारांसारखे चिकटले तर बाद. उष्णतेने ताकद उतरलेले इन्सुलिन मात्र डोळ्यांना अगदी नीट दिसते. जेवण, मात्रा, टोचायची जागा सारखी असून उपाशीपोटीची साखर दोन-तीन दिवस चढत असेल तर आधी कुपी बदला आणि डॉक्टरांना कळवा. मनाने मात्रा वाढवू नका, कारण नंतर नवी ताजी कुपी लागली की तीच मात्रा साखर धोकादायक खाली नेते. दुसरी कुपी मिळेपर्यंत शंकास्पद इन्सुलिन असले तरी डोस बंद करू नये, विशेषतः टाइप १ मध्ये. दर तीन-चार तासांनी साखर तपासत राहावी. उलट्या, पोटदुखी, खोल आणि जोराचा श्वास सुरू झाला तर थेट दवाखाना.

जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पाऊस स्थिरावला की माठ थकतो. मे महिन्यात बाहेर आणि आत पंधरा-सोळा अंशांचा फरक होता, तो तीन-चारवर आला. पण तोपर्यंत बाहेरच तिशीच्या आसपास असते, आणि चालू कुपी फ्रिजच्या दारात हलवून माठ उतरवता येतो. माठावर चढलेला पांढरा क्षार नारळाच्या काथ्याने आणि साध्या पाण्याने घासावा. साबण छिद्रांत बसतो. बोअरच्या पाण्याने ही छिद्रे दोन उन्हाळ्यांत बुजतात, तेव्हा रात्रभराची झिरपण्याची परीक्षा पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा घ्यायची आणि नापास झाला तर फक्त बाहेरचा माठ बदलायचा. वाळू उपसून उन्हात वाळवून पोत्यात भरून ठेवली की तीच परत चालते.