राजीनामा की स्वेच्छानिवृत्ती? रिक्रूटरला चिठ्ठी लिहिण्याआधी हे ठरवा

सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा, पाणीपुरवठा अशा खात्यांतले अभियंते खाजगी कंपनीत जायचं ठरवतात, तेव्हा रिक्रूटरला लिहिलेल्या पहिल्याच चिठ्ठीत दोन वाक्यं हमखास असतात: "नोटीस पिरियड तीन महिने" आणि "सध्याचा पगार अमुक". या दोन्हींचं खरं उत्तर तुम्ही सरकारी नोकरी कोणत्या वाटेने सोडणार यावर अवलंबून आहे. वाट आधी ठरते, चिठ्ठी नंतर. महाराष्ट्र राज्य शासनाच्या सेवेतल्या माणसासाठी या दोन वाटा शेजारी ठेवून बघू.

रेघ पडते ती १ नोव्हेंबर २००५ या तारखेवर. त्याआधी सेवेत आलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू आहे आणि महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधला नियम ६६ त्यांच्यासाठी खुला आहे. या नियमानुसार अर्हताकारी सेवा २० वर्षं झाली की नियुक्ती प्राधिकाऱ्याला तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. तारखेचा हिशेब केला तर या गटातल्या जवळजवळ सगळ्यांची २० वर्षं आता भरलेली आहेत. अपवाद त्यांचा, ज्यांच्या सेवापुस्तकात वैद्यकीय दाखल्याशिवायची असाधारण रजा किंवा सेवाखंड आहे. तो काळ अर्हताकारी सेवेत धरला जात नाही. म्हणून चिठ्ठी लिहिण्याआधी आस्थापना शाखेत जाऊन सेवापुस्तक स्वतःच्या डोळ्यांनी बघा. २० वर्षं भरली असं मनाशी धरून नोटीस दिली आणि पडताळणीत चार महिने कमी निघाले, तर कंपनीला दिलेली तारीख कोसळते.

या वाटेवर काय हाती राहतं ते बघा. समजा एका उपअभियंत्याचं शेवटचं मूळ वेतन ८०,००० रुपये आहे. स्वेच्छानिवृत्ती घेतली तर त्याच्या निम्मं, म्हणजे महिना ४०,००० रुपये निवृत्तिवेतन, त्यावर महागाईवाढ, शिवाय उपदान. त्याच माणसाने त्याच दिवशी साधा राजीनामा दिला तर नियम ४६ प्रमाणे मागची सगळी सेवा जप्त होते आणि निवृत्तिवेतन शून्य. कागद एकाच टेबलावरून जातात, परिणामात मात्र आयुष्यभराच्या उत्पन्नाचा फरक पडतो. म्हणून अर्जाच्या विषयात "नियम ६६ अन्वये स्वेच्छानिवृत्तीची नोटीस" असंच लिहा. "राजीनामा" हा शब्द अर्जात कुठेही येऊ देऊ नका.

तारखेच्या बाबतीतही ही वाट जास्त भरवशाची आहे. तीन महिने संपेपर्यंत प्राधिकाऱ्याने परवानगी नाकारली नाही, तर मुदत संपताच निवृत्ती अमलात येते. त्यामुळे रिक्रूटरला तुम्ही ठोस तारीख देऊ शकता, फक्त विभागीय चौकशी चालू किंवा प्रस्तावित नसली पाहिजे.

दुसरी वाट २००५ नंतर आलेल्यांची. २०१२ साली लागलेल्या कनिष्ठ अभियंत्याची २० वर्षं भरलेली नाहीत, त्यामुळे त्याच्यापुढे राजीनामाच उरतो. (भरतीची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची असलेल्या काही जणांना नंतर जुन्या योजनेचा विकल्प मिळाला. तुम्ही त्यात असाल तर पहिली वाट तुमची.) राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत जमलेली रक्कम राजीनाम्याने बुडत नाही. प्रान क्रमांक तोच राहतो आणि नवी कंपनी त्या योजनेत असेल तर खातं तिकडे वळवता येतं. बुडतं ते सेवेवर मिळणारं उपदान, आणि दर महिन्याला येणारा शासनाचा १४ टक्के हिस्सा थांबतो.

तारीख मात्र इथे डळमळीत असते. राजीनामा दिल्याने नोकरी संपत नाही, तो स्वीकारल्याचा आदेश निघाला की संपते. अर्ज उपविभागातून विभागात, तिथून मंडळ कार्यालयात आणि पदानुसार थेट मंत्रालयापर्यंत जातो. सोबत ना देय प्रमाणपत्र, चौकशी नसल्याचा दाखला, घरबांधणी अग्रिम असेल तर त्याची परतफेड, ताब्यातल्या मोजमाप पुस्तिका आणि साहित्याचा कार्यभार. फाइल सगळ्यात जास्त अडते ती या शेवटच्या गोष्टीवर. अर्धवट नोंदी असलेली एक जरी मोजमाप पुस्तिका तुमच्या नावावर राहिली, तर ना देय प्रमाणपत्रावर सही होत नाही. कंपनीशी बोलणी सुरू असतानाच त्या नोंदी पूर्ण करायला घ्या.

आता दोन्ही चिठ्ठ्या. पहिल्या वाटेवरच्या उपअभियंत्याने असं लिहावं:

"रस्ते आणि पुलांच्या कामांत २१ वर्षं. अंदाजपत्रक, निविदा, मोजमाप तपासणी आणि गुणनियंत्रण स्वतः हाताळलं आहे. मी स्वेच्छानिवृत्ती घेणार आहे. ऑफर मिळाल्यावर तीन महिन्यांची वैधानिक नोटीस देईन, त्यानंतर रुजू होईन. माझ्याविरुद्ध चौकशी प्रलंबित नाही. ज्या ठेकेदारांची बिलं मी तपासली आहेत, त्यांच्याकडची पदं कृपया सुचवू नयेत."

दुसऱ्या वाटेवरच्या अभियंत्याच्या चिठ्ठीत अनुभवाचा भाग आणि ठेकेदारांबद्दलची ओळ अशीच, बाकीचा भाग वेगळा:

"मी राजीनामा देऊन येणार आहे. तो स्वीकारण्याचा अधिकार शासनाचा असल्याने निश्चित तारीख आज देता येत नाही. ऑफरमध्ये रुजू होण्याची तारीख कार्यमुक्तीच्या आदेशापासून १५ दिवसांत अशी धरावी. वेतनाची तुलना करताना शासनाचा १४ टक्के हिस्सा सध्याच्या वेतनात धरला आहे."

त्या १४ टक्क्यांवर थोडं थांबतो, कारण बहुतेक जण पैसे इथेच गमावतात. खाजगी कंपनीच्या सीटीसीत मालकाचा भविष्यनिर्वाह निधीचा हिस्सा आणि बहुधा उपदानही मिसळलेलं असतं. सरकारी माणूस पगारपत्रकातला आकडा सांगतो, तो या मानाने छोटा दिसतो. समजा मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून ९०,००० रुपये आणि इतर भत्ते १५,००० रुपये. वर्षाचे झाले १२ लाख ६० हजार. शासनाचा हिस्सा महिना १२,६००, म्हणजे वर्षाला १ लाख ५१ हजार २००. रिक्रूटरला सांगायचा आकडा १४ लाख ११ हजार, कारण समोरचाही त्याच पद्धतीने मोजणार आहे.

जुन्या योजनेतल्या माणसाला असा हिस्सा दाखवता येत नाही. त्याने उलट काळजी घ्यावी: पुढे मिळणारं निवृत्तिवेतन चिठ्ठीत लिहूच नये. लिहिलं की "पेन्शन आहेच" म्हणून ऑफर खाली येते. निवृत्तिवेतन ही मागच्या सेवेची कमाई आहे, नव्या कामाच्या मोबदल्याशी तिचा संबंध नाही.

ठेकेदारांबद्दलची ओळ दोन्ही चिठ्ठ्यांत हवीच, असं माझं ठाम मत आहे. ज्याच्या रनिंग बिलावर काल सही केली त्याच्याकडे आज नोकरी मागितली, तर जुन्या कामांच्या लेखापरीक्षणात तुमचं नाव निघतं आणि चौकशी लागली की दोन्ही वाटा अडतात. तसंच, कार्यमुक्त होईपर्यंत नव्या कंपनीकडून सल्ल्याचं मानधनसुद्धा घेऊ नका, रजेवर असलात तरी. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधला नियम १६ पूर्वमंजुरीशिवाय खाजगी नोकरीला मनाई करतो. चिठ्ठी सरकारी ईमेलवरून पाठवू नका आणि अनुभव सांगताना न उघडलेल्या निविदांचे किंवा मंजूर न झालेल्या अंदाजपत्रकांचे आकडे देऊ नका.

नोटीस किंवा राजीनामा द्या तो सही झालेलं ऑफर लेटर हातात आल्यावरच, आणि त्या लेटरची मुदत तपासून. तीस दिवसांत रुजू व्हा असं छापील कलम असेल तर ते बदलून घ्या. स्वेच्छानिवृत्तीची नोटीस मुदतीच्या आत मागे घ्यायची झाली तरी प्राधिकाऱ्याची मंजुरी लागते, आणि स्वीकारला गेलेला राजीनामा मागे घेणं त्याहून अवघड आहे.