शेरवानी-लेहेंगा ट्राय-ऑन अ‍ॅप: लग्न उरकल्यावरचा अनुभव

लग्न झालं, भाड्याच्या कपड्यांचं डिपॉझिटही परत आलं, आणि परवा या अ‍ॅपचे २९९ रुपये उद्या कापले जाणार असा मेसेज आला. अ‍ॅप फोनमधून कधीच काढून टाकलं होतं. पण नुसतं अ‍ॅप काढून ऑटोपे बंद होत नाही. यूपीआय अ‍ॅपमध्ये जाऊन तो वेगळा रद्द करावा लागतो. तो आधी केला आणि मग हे लिहायला बसले. आपला फोटो टाकायचा, कपडा निवडायचा किंवा त्याचाही फोटो टाकायचा, की तो आपल्या अंगावर दिसतो, हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे थेट मुद्द्यावर येते.

मुद्दा म्हणजे अंगठी. साखरपुड्याचे चांगले फोटो कुठले असतात? अंगठी घालतानाचे. त्यात दोघांचे हात छातीपुढे, म्हणजे नेमके शेरवानीच्या बटणपट्टीवर. अ‍ॅप कपडा वरून चिकटवत नाही, जुन्या कपड्याची जागा पुसून तिथे नवं चित्र काढतं, आणि त्या जागेत सापडलेले हातही स्वतःच्या मनाने काढतं. आमच्या फोटोत अंगठी गायब झाली आणि मला एक बोट जास्तीचं मिळालं. तक्रार केली तर उत्तर काय, 'फोटो अस्पष्ट आहे'. एवढे पैसे मोजून फोटोग्राफरने काढलेला फोटो अस्पष्ट! बरं, माझ्या अंगावर साडी होती, त्यामुळे पदर ज्या खांद्यावर, ओढणीही त्याच खांद्यावर. एका लेहेंग्यावर तर साडीचे काठ तसेच उमटले होते. शेवटी एकेकट्याचे, समोरून काढलेले, हात बाजूला सोडलेले आणि पावलांपर्यंतचे फोटो शोधून टाकले, तेव्हा कुठे जरा माणसात आलं.

इथवर मी एकच तारा देणार होते. मत बदललं ते रंगामुळे.

मला मरून लेहेंगा हवा होता आणि ह्याला मोतिया शेरवानी. अ‍ॅपमध्ये मरून विटकरी दिसायचा आणि मोतिया चक्क हळदीचा. दोष हॉलच्या पिवळ्या दिव्यांचा होता. फोटोतला सगळाच रंग पिवळ्याकडे झुकलेला, आणि अ‍ॅप नवा कपडाही त्याच उजेडात रंगवतं. माझ्या भावाने फोटो एडिटरमध्ये व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर घेतला आणि मागे बसलेल्या गुरुजींच्या पांढऱ्या उपरण्यावर टेकवला. उपरणं पांढरं झालं तसे आमचे चेहरेही मूळ रंगावर आले. तो फोटो पुन्हा अ‍ॅपमध्ये टाकला आणि मरून मरूनच दिसला. कपड्याचा फोटोही दुकानाच्या ट्यूबलाइटखालचा घेऊ नका. दुकानदाराला दाराशी, दिवसाउजेडी काढून पाठवायला सांगा. आमच्या दुकानदाराने कुरकुरत का होईना पाठवला.

त्यानंतर अ‍ॅपचा खरा उपयोग कळला. दोघांचे फोटो शेजारी ठेवले की कुठली जोडी चालणार नाही ते लगेच दिसतं. सोनेरी जरीच्या लेहेंग्याशेजारी चंदेरी कामाची शेरवानी मला मनात छान वाटत होती, फोटोत ती दुसऱ्याच लग्नाला आल्यासारखी दिसली. सासूबाईंनी सुचवलेला राणी रंगही असाच बाद झाला, आणि मला वाद घालावा लागला नाही. दुकानात जाऊन डझनभर कपडे उलगडून घेण्याऐवजी दोन-तीनच काढायला सांगितले. हे श्रेय मी अ‍ॅपला देते.

पण माप? ते विसरा. फोटोत प्रत्येक शेरवानी खांद्यावर चपखल बसते, कारण ती तुमच्याच खांद्यावर काढलेली असते. दुकानात घातली तेव्हा शिवण खांद्याच्या हाडाच्या खाली उतरलेली. भाड्याच्या शेरवानीची बाजूची शिवण टाके घालून आत घेता येते, खांदा मात्र कोणी उसवत नाही. ती तिथेच सोडली आणि त्याच रंगातली एक नंबर लहान घेतली. लेहेंग्याचंही तेच. अ‍ॅपमध्ये तो नेहमी पायापाशी बरोबर टेकलेला. माझं कंबरेपासून जमिनीपर्यंतचं माप, लग्नात घालायच्या सँडलसकट, ४० इंच, लेहेंगा ४२. दुकानदाराने न कापता आतून दुमड घालून दिली. आतल्या ताठ जाळीच्या कॅनकॅनमुळे घेर किती फुगतो आणि तो सांभाळत बसता येतं का, हे तर अंगात घालून पाटावर बसल्याशिवाय कळतच नाही. मी दुकानातल्या स्टुलावर बसून पाहिलं आणि कॅनकॅनचा एक थर काढायला लावला.

तेव्हा एका आठवड्याचे पैसे भरा, रंग ठरवा, त्याच दिवशी ऑटोपे रद्द करा. वर्षाचा प्लॅन कोणाला लागतो, देव जाणे.